ब्राइटनेसची पट्टी संपते तिथून पुढे

फोनची ब्राइटनेसची पट्टी डावीकडे पार टोकाला नेली तरी तो उजळच राहतो, ही तक्रार फक्त अंथरुणात वाचणाऱ्या माणसांची असते. दिवसा फोन वापरणाऱ्याला ती कळत नाही. त्याचं भांडण पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी असतं. उन्हात दिसत नाही, स्टँडवर बसचा नंबर वाचता येत नाही, वगैरे. त्याची दखल कंपन्या मोठ्या आवाजात घेतात. हजार निट, दोन हजार निट असे आकडे जाहिरातीत झळकतात. कमीत कमी किती निट हे मात्र क्वचित कुणी सांगतं. रात्री साडेअकराला कुशीवर वळून कादंबरीचं पुढचं प्रकरण उघडणारा ग्राहक जाहिरातवाल्यांच्या डोळ्यांसमोर नसावा. दिवाळी अंक आता फोनवर वाचणारी आमची पिढी तर नसावीच.

निट हे प्रकरण समजायला सोपं आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागातून साधारण एका मेणबत्तीएवढा प्रकाश समोर येत असेल, तर त्या पृष्ठभागाचा उजळपणा एक निट. फोनचा पडदा एका चौरस मीटरचा जेमतेम शंभरावा भाग. तेव्हा हजार निटवर पांढरं पान उघडलं, की नाकासमोर वीतभर अंतरावर दहा मेणबत्त्या लावून बसल्यासारखं होतं. बऱ्याच चांगल्या फोनची पट्टी खालच्या टोकाला दोनेक निटपर्यंत उतरते, काही नव्या फोनची एकापर्यंत. दोन निट म्हणजे एका मेणबत्तीचा पन्नासावा हिस्सा. फोन एक फुटावर धरला, तर डोळ्यावर पडणारा प्रकाश हिशेबाने पाव लक्सच्या आसपास येतो. डोक्यावर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाशही साधारण एवढाच असतो.

हा हिशेब मी एकदा घरात मोठ्याने मांडला. “मग चंद्र पलीकडे तोंड करून झोपवा,” असं उत्तर शेजारच्या उशीवरून आलं.

चांदण्याएवढ्याच प्रकाशाने डोळ्यांत पाणी का यावं? चांदण्यात गच्चीवर गप्पा मारताना कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत. फरक दोन गोष्टींचा आहे. चांदणं सगळीकडे सारखं पसरलेलं असतं आणि फोनचा प्रकाश काळ्याकुट्ट खोलीतल्या एका छोट्या चौकटीत कोंबलेला असतो. दुसरी गोष्ट डोळ्याची. ट्यूब बंद केल्यावर पहिल्या दहाएक मिनिटांत डोळा बराच सरावतो, पण अंधाराला पुरता जुळवून घ्यायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे अकराला दिवा मालवून लगेच वाचायला घेतलं तर जो उजेड मवाळ वाटतो, तोच साडेअकराला डोळ्यांत घुसतो. पट्टी जिथल्या तिथेच असते, डोळा बदललेला असतो. फोनचा प्रकाशमापक खोली पाहतो, खोली अकरालाही काळी आणि साडेअकरालाही काळीच. त्यामुळे ‘ऑटो’वर विसंबणाऱ्याला या अर्ध्या तासातला बदल फोनकडून भरून मिळत नाही. शिवाय तो मापक बहुधा पुढच्या बाजूला वरच्या कडेशी असतो, म्हणजे कुशीवर झोपणाऱ्याच्या बाबतीत कधी उशीत, कधी अंगठ्याखाली.

शेजारी झोपलेल्या व्यक्तीचा प्रश्न वेगळा. तिच्या डोळ्यांवर फोन थेट नसतोच. तिच्यापर्यंत येतो तो आपल्या तोंडावरून, भिंतीवरून आणि मुख्य म्हणजे आपल्या पांढऱ्या बनियनवरून परतलेला उजेड. यावर गडद रंगाचा टी-शर्ट हा उपाय कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही, पण लागू पडतो.

आता कुणीही विचारील, पट्टी आणखी खाली का नेत नाहीत? यामागे थोडा शहाणपणा आहे. पडदा इतका मंद झाला की दुपारी काही दिसेना, तर तो पुन्हा उजळ करायचं बटण तरी माणसाला कसं दिसणार? तशी माणसं दुकानात फोन ‘बंद पडला’ म्हणून घेऊन येतील. दुसरं कारण पडद्याच्या जातीचं. हल्लीच्या बहुतेक मध्यम आणि महाग फोनमध्ये ओएलईडी पडदा असतो. त्यातला प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो. अगदी थोडा प्रकाश मागितला की सगळे बिंदू सारखे वागत नाहीत. करड्या पार्श्वभूमीवर हिरवट किंवा गुलाबी झाक येते, कुठे डाग पडल्यासारखं दिसतं, आणि काळ्याच्या लगतच्या गडद छटा थेट काळ्यात बुडतात. स्वस्त फोनमधल्या एलसीडी पडद्याचं दुखणं याच्या उलट आहे. तिथे मागे एक दिवा सतत जळत असतो, त्यामुळे काळं पानसुद्धा मिणमिणत राहतं. अशा फोनवर ‘डार्क मोड’ लावून खोली काळी होईल ही अपेक्षा ठेवू नये.

पट्टीच्या खाली जायची वाट आहे, पण ती मागच्या दाराने जाते. अँड्रॉइड १२ आलं २०२१ मध्ये. तेव्हापासून बऱ्याच फोनमध्ये Accessibility या विभागात Extra dim नावाची सोय मिळते. आयफोनमध्ये ती त्याच विभागात Display & Text Size खाली Reduce White Point या नावाने बसलेली आहे. दोन्हींचं काम एकच. मूळ प्रकाशाला हात न लावता प्रत्येक बिंदूकडे जाणारी रंगाची किंमतच खाली आणायची. पांढऱ्याला पांढरं न म्हणता करडं म्हणायचं. किती करडं, ते ठरवायला वेगळी पट्टी असते. या सोयी दृष्टीला प्रखर उजेड सोसत नाही अशा लोकांसाठी आहेत, म्हणून त्या त्या विभागात. अंथरुणात वाचणारे आपण तिथे पाहुण्यासारखे शिरतो आणि मुक्काम ठोकतो.

त्याआधी लोक काय करत होते? पडद्यावर काळसर काच धरल्यासारखा थर टाकणारी अ‍ॅप्स वापरत होते. अजूनही वापरतात. पण हा थर म्हणजे सगळ्या अ‍ॅप्सच्या वर पसरलेलं आणखी एक अ‍ॅप असतं. पैशांचे व्यवहार करणाऱ्या अ‍ॅपला ते आवडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वर बसलेला कुणी आपल्या बोटाखाली भलतंच बटण सरकवू शकतो. अँड्रॉइड १२ पासून तर असा थर फार दाट असेल, तर त्याच्यातून आरपार जाणारे स्पर्श फोन सरळ नाकारतो. पडदा छान काळोखा होतो आणि पान मात्र उलटत नाही. ‘बाबा, फोन हँग झालाय’ म्हणून आलेल्या अशा एका फोनचं निदान आमच्या घरी अंधारातच झालं होतं. अंगभूत सोय असेल तर हा बाहेरचा थर नकोच.

आता मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं तो मुद्दा. पट्टी अगदी खाली ओढणं हा डोळ्यांना आराम द्यायचा मार्ग आहे, असं आपण धरून चालतो. ओएलईडी पडद्याच्या बाबतीत ते पुष्कळदा खरं नसतं. यातले बरेच पडदे प्रकाश मंद करण्यासाठी बिंदू मंद करत नाहीत. ते बिंदूंची उघडझाप करतात. सेकंदाला २४० वेळा उघडझाप, ही अनेक फोनमध्ये आढळणारी गती. म्हणजे एक फेरा चार मिलिसेकंदांचा. पट्टी वर असेल तर त्या चारातला बहुतेक वेळ पडदा पेटलेला असतो. पट्टी तळाला नेली की तो निमिषभर चमकतो आणि उरलेला वेळ काळा असतो. डोळ्याला ते वेगळं दिसत नाही, सरासरी काढून तो ‘मंद’ म्हणतो. पण वाचताना डोळा ओळीवरून उड्या मारत जातो, आणि काही माणसांना ही उघडझाप डोकेदुखीच्या, डोळे जड होण्याच्या रूपात जाणवते. सगळ्यांना नाही. आमच्या घरात मला जाणवते, मुलीला अजिबात नाही, त्यामुळे माझी डोकेदुखी बरीच वर्षं ‘वय’ या सदरात जमा होती.

आपला फोन असं करतो का, हे घरच्या घरी पाहता येतं. खोली अंधारी करा. फोनवर एखादं पांढरं पान उघडा आणि ब्राइटनेस तळाला न्या. दुसऱ्या कुणाच्या फोनचा कॅमेरा ‘प्रो’ मोडमध्ये घाला, शटरची गती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढी ठेवा आणि पहिल्या फोनच्या पडद्याजवळ धरा. पडद्यावर आडवे काळे पट्टे दिसले, रुंद आणि ठसठशीत, तर उघडझाप चालू आहे. आता ब्राइटनेस निम्म्यावर न्या. पट्टे अरुंद होतात, काही फोनमध्ये जवळजवळ पुसले जातात. कॅमेरा नसेल तर पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवावी. सलग पुसट सावली दिसण्याऐवजी पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली दिसल्या, तर तेच समजावं. हा प्रयोग दार लावून करावा. रात्री अंधारात फोनपुढे पेन्सिल नाचवणाऱ्या माणसाबद्दल घरात नंतर चर्चा होते.

पट्टे दिसले, तर करायची गोष्ट उलटी वाटेल अशी आहे. ब्राइटनेस वाढवायचा. समजा, आपण रोज पट्टी शून्यावर ठेवून वाचतो. ती निम्म्याच्या जवळपास न्यायची. निम्मं म्हणजे प्रकाशही निम्मा असं समजू नका. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ही पट्टी डोळ्याच्या धाटणीने आखलेली असते. डोळा मंद प्रकाशातले बारीक फरक ओळखतो आणि प्रखरातले ओळखत नाही, म्हणून पट्टीचा मोठा भाग मंद टप्प्याला दिलेला असतो आणि मध्यावर प्रत्यक्ष प्रकाश निम्म्याहून कितीतरी कमी असतो. तरी अंधारात तो बोचेलच. मग एक्स्ट्रा डिम किंवा रिड्यूस व्हाइट पॉइंट चालू करायचं आणि त्याची वेगळी पट्टी हळूहळू वाढवत न्यायची. डोळ्याला पूर्वीइतकंच मंद वाटलं की थांबायचं. पुन्हा कॅमेरा लावून बघितलं, तर प्रकाश पूर्वीइतकाच आणि काळे पट्टे मात्र अरुंद. कारण मंदपणा आता उघडझापीतून येत नाही, पांढऱ्याचं करडं करण्यातून येतो. फोटो बघायला हे वाईट आहे, आकाशाच्या छटा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. पण कादंबरीत आकाश शब्दांतच असतं.

या युक्तीलाही मर्यादा आहे. काही नव्या फोनची उघडझाप सेकंदाला दोन-चार हजार वेळा होते, काही प्रकाश खरोखरच कमी करतात. तिथे या खटाटोपाने फारसं काही पदरात पडणार नाही, पट्टी सरळ तळाला न्यावी. पट्टे दिसूनही आपलं डोकं दुखत नसेल, तर मग कुणासाठी हा उद्योग?

खाली जायची वाट सापडली की माणूस खाली जातच राहतो. मुलीच्या मते मी फोन काळा करून आठवणीवर वाचतो. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण दिशा बरोबर आहे. दोन निटच्या खाली डोळा दिवसाच्या कामकाजातून बाहेर पडलेला असतो. रंग फिके होतात, बारीक रेषा ओळखण्याची ताकद घटते, आणि बाहुली मोठी होते. बाहुली लहान असते तेव्हा चष्म्याच्या नंबरातली थोडी चूक झाकली जाते, मोठी झाली की उघडी पडते. म्हणून चाळिशी लागलेल्याला दुपारी उन्हात औषधाच्या बाटलीवरची अक्षरं चष्म्याशिवाय जमतात आणि रात्री चष्मा लावूनही मोठा टाइप पुसट वाटतो. वयानुसार डोळ्यातलं भिंगही पिवळसर होत जातं आणि बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे दृष्टिपटलापर्यंत पोचणारा प्रकाश आधीच कमी. विशीतल्या मुलीचा ‘आरामाचा’ आकडा साठीतल्या बापाने उसना घेऊ नये.

देवनागरीला यात जास्त मार बसतो, असं माझं निरीक्षण आहे. शिरोरेघ आडवी आणि जाड, ती शेवटपर्यंत दिसते. सगळ्यात आधी बुडतो तो अनुस्वार. एवढासा ठिपका, त्याच्या कडा फोनने करड्या छटांनी गोल केलेल्या, आणि गडद करडं तर ओएलईडी काळ्यातच गिळतो. मग रफार जातो, मग उकाराची शेपटी. काळ्यावर पांढरं मराठी अगदी मंद करून वाचलं, तर पहिल्या काही पानांत मेंदू अनुस्वार पदरचे भरत जातो आणि पुढे थकतो. उपाय प्रकाश वाढवणं हाच असतो असं नाही. अक्षर एका पायरीने मोठं करावं, सेटिंग्जमध्ये ठळक अक्षरांची सोय असेल तर ती लावावी. ठिपक्याला अंग मिळालं की तो त्याच मंद प्रकाशात तरतो.

काळ्यावर पांढरं की उलट, यावर घरोघरी पंथ आहेत. हिशेबाने पाहिलं तर काळ्या पानावर उजळ भाग एक दशांशसुद्धा नसतो, तेव्हा शेजारच्या उशीच्या दृष्टीने डार्क मोडला तोड नाही. पण ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली, धुरकट दिसतात, प्रत्येक अक्षराला शेजारी एक भूत असल्यासारखी. त्यांनी डार्क मोडचा अट्टाहास सोडून बदामी पान आणि काळं अक्षर घ्यावं आणि ते एक्स्ट्रा डिमने खाली आणावं. (घरात दोन प्रकारचे सिलिंडर असतात आणि दोन्ही रात्रीच दगा देतात.) डार्क मोड वापरायचाच तर ठार काळ्याऐवजी गडद करडं पान निवडावं. ओएलईडीचा पूर्ण विझलेला बिंदू पुन्हा पेटायला किंचित वेळ घेतो, त्यामुळे ठार काळ्यावर मजकूर वर सरकवला की अक्षरांमागे जांभळट शेपूट ओढलं जातं. अ‍ॅपमध्ये सरकवण्याऐवजी पान उलटण्याची सोय असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

कुशीवर झोपून वाचणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकीकत छापली. दोघींना अधूनमधून एका डोळ्याने काही मिनिटं दिसेनासं व्हायचं. मेंदूच्या, हृदयाच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी लक्षात आलं ते असं, की दोघी अंधारात कुशीवर पडून फोन बघत होत्या. एक डोळा उशीत झाकलेला, तो अंधाराला सरावलेला. दुसरा फोनच्या उजेडाला सरावलेला. फोन बाजूला ठेवला की उजेडातला डोळा अंधारात काही काळ आंधळा, आणि उशीतला टक्क जागा. रोग नव्हताच. उपाय एवढाच, की फोन दोन्ही डोळ्यांनी बघायचा. पण फोन जितका उजळ तितका हा फरक मोठा, हे उघड आहे. तेव्हा पाणी प्यायला उठताना एका डोळ्याने स्वयंपाकघर गायब झालेलं दिसलं, तर आधी आपण कुठल्या कुशीवर होतो ते आठवावं. वाचत नसतानाही तसं झालं, तर मात्र डॉक्टरच.

अंथरुणातल्या वाचनाला पूर्ण काळोख हवाच, असंही नाही. पूर्वी घरोघरी झिरोचा दिवा असे. नाव झिरो आणि भूक पंधरा वॅटची. आता तो अर्ध्या वॅटचा झाला आहे. तो डोक्यामागे, भिंतीकडे तोंड करून लावला तर पडदा आणि खोली यांतली दरी कमी होते आणि फोन चांदण्याखाली न्यायची गरज उरत नाही. आमच्याकडे हा प्रस्ताव चर्चेत आहे. विरोधी बाजू म्हणते, तो दिवा फोनपेक्षा जास्त उजेड पाडतो. आकडे त्या बाजूने आहेत, त्यामुळे मी आकडे मांडणं सध्या थांबवलं आहे.

एक धोका मात्र सगळ्या मंद-पंथीयांनी लक्षात ठेवावा. एक्स्ट्रा डिम सकाळी आपणहून उतरत नाही. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त प्राध्यापक सकाळी पुणे मेट्रोला निघाले. तिकीट फोनवर, क्यूआर कोडच्या रूपात. फाटकाशी फोन धरला, यंत्र काही बोलेना. त्यांनी ब्राइटनेस पूर्ण वर नेला, तरी कोड राखाडीच. कारण ब्राइटनेसची पट्टी वर गेली तरी पांढऱ्याचं करडं करणारा रात्रीचा हुकूम तसाच जागेवर होता. मागे रांग वाढली. कुणीतरी ‘स्क्रीनशॉट काढून माझ्या फोनवर पाठवा’ म्हणाला, आणि त्याच्या फोनवर तो स्क्रीनशॉट लख्ख पांढरा उमटला, कारण हा करडेपणा फक्त त्या फोनच्या पडद्यापुरता असतो, चित्रात उतरत नाही. सरांनी दुसऱ्याच्या फोनवरून आपलं तिकीट दाखवलं आणि आत गेले. आता त्यांनी ती सोय वरून ओढायच्या पडद्यावर, टॉर्चच्या शेजारी आणून ठेवली आहे. आयफोनवाल्यांना हेच बाजूचं बटण तीनदा दाबून करता येतं, आधी Accessibility Shortcut मध्ये नेमून ठेवलं तर. रात्री चालू, उठल्यावर बंद. मात्र अंधारात चाचपडताना सरांचं बोट अजून कधी कधी टॉर्चवर पडतं, आणि त्या रात्री त्यांच्या घरचा दिवा आमच्या खिडकीतून दिसतो.